भावकीची शीट भरताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घराण्याची माहिती एका शीटमध्ये गोळा करायचं काम गेली सहा-सात वर्षं माझ्याकडे आहे. नाव, नातं, जन्मसाल, गाव, नोंद असे साधे पाच रकाने घेऊन सुरुवात केली होती आणि वाटलं होतं दिवाळीच्या सुट्टीत उरकेल. आता १८० च्या वर माणसं झालीत. भावकीतले लोक तेच तेच प्रश्न फोनवर विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, दुसऱ्या कोणाला स्वतःच्या घरासाठी वापरायचं तर बिनधास्त वापरा. जिवंत-मेलेल्या कोणाचंच नाव इथे लिहिलेलं नाही, नात्यानेच बोलतोय.

नातं या रकान्यात नक्की काय लिहायचं? मी "काका" लिहिलं तर तू खोडलंस.

खोडलं कारण काका कोणाचा ते कळत नव्हतं. तुझा काका माझ्या मुलाचा चुलत आजोबा लागतो, आणि माझी आत्या ती माझ्या आतेभावाची आई. ज्याने ओळ भरली त्याच्या नजरेतून नातं लिहिलं गेलं की चार जणांनी भरलेल्या शीटमध्ये सतरा "काका" आणि नऊ "आजी" होतात, आमच्या झाल्याच होत्या. त्यातल्या निम्म्या आज्या आईकडच्या आणि निम्म्या वडिलांकडच्या.

उपाय असा की प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा आणि तो जन्मात बदलायचा नाही, मधे नवीन ओळ आली तरी. मग दोन रकाने वाढवायचे, वडिलांचा क्रमांक आणि आईचा क्रमांक. खरं नातं एवढंच असतं, बाकी काका-मामा-आत्या सगळं त्यावरून काढता येतं. "नातं" हा रकाना तरीही ठेवा, कारण वाचणाऱ्या माणसाला क्रमांक बघून काही कळत नाही, पण तो एकाच माणसाला धरून भरायचा. आम्ही पणजोबांना धरलं. म्हणजे "पणजोबांचा तिसरा मुलगा", "पणजोबांच्या थोरल्या मुलीची नात" असं. जरा लांबलचक होतं, पण मी भरलं काय नि तू भरलंस काय, तेच येतं.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालेली दोन जोडपी आहेत. ती माणसं दोन बाजूंनी नात्यात येतात म्हणून दोनदा भरली गेली होती. क्रमांक असला की एकच ओळ राहते. दुसरं नातं नोंदीत लिहा.

गाव कोणतं लिहू? जन्म झाला ते, की मूळ गाव, की आत्ता राहतो ते?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त घोळही यातच झालेत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची पद्धत. म्हणजे थोरल्या मुलाचा जन्म बहुतेक वेळा त्याच्या आजोळी झालेला असतो, वडिलांच्या गावी नाही. आमच्या आजोबांची आई पाटण तालुक्यातली, त्यामुळे आजोबा जन्मले पाटणकडे, वाढले जावळीत, चाकरी केली लालबागला गिरणीत, आणि कोणीही विचारलं "गाव कुठलं" तर सांगायचे जावळी. आता यातलं कोणतं गाव लिहिणार? तिन्ही खरी आहेत.

म्हणून आम्ही "गाव" असा एकच रकाना ठेवायचं बंद केलं. मूळ गाव वेगळं, जन्मगाव वेगळं, आणि राहिलेलं ठिकाण नोंदीत. मूळ गाव म्हणजे जिथे जमीन, भावकी आणि जत्रेचा मान आहे ते. जन्मगाव माहीत नसेल तर मोकळं सोडा. लोक काय करतात, जन्मगाव मोकळं दिसलं की तिथे मूळ गावच टाकून देतात. असं केलं की पुढे कोणी जन्माची नोंद शोधायला गेला तर तो चुकीच्या गावच्या रजिस्टरमध्ये शोधत बसतो. माझे दोन हेलपाटे असेच फुकट गेले. आजोबांची नोंद जावळीत सापडणं शक्यच नव्हतं, ती आजोळच्या गावात असणार हे मला परत येताना एसटीत सुचलं.

बायकांच्या बाबतीत अजून एक गाव वाढतं. माहेरचं गाव लिहायलाच हवं, कारण तिच्या मुलांचा जन्म कुठे शोधायचा ते त्या गावावरून ठरतं. सासरचं गाव नवऱ्याच्या ओळीत असतंच.

आमचं आडनावच गावावरून आहे. मग मूळ गाव तेच ना?

कधीकाळी असेल. "कर" लावलेलं आडनाव सांगतं की कोणीतरी पूर्वज त्या गावातून *बाहेर* पडला, कारण गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार. पण तो बाहेर पडून किती पिढ्या झाल्या ते आडनाव सांगत नाही. तसं असेल तर नोंदीत "आडनावावरून मूळ गाव अमुक असावं, पुरावा नाही" असं लिहा आणि मूळ गावाच्या रकान्यात जिथपर्यंत खात्रीने जाता येतं तेच गाव ठेवा.

गाव धरणात गेलं, आता काय लिहू?

गेलेल्या गावाचं नाव लिहा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली जावळी-पाटणातली कितीतरी गावं गेली आणि माणसं सांगली, सोलापूर, रायगड कुठे कुठे वसवली गेली. नवीन वसाहतीला जुन्या गावाचंच नाव दिलेलं असतं कधी कधी, मग दोन्ही एकच वाटतात आणि नकाशावर बघणारा चक्रावतो. आम्ही "(जुनं)" आणि "(वसाहत)" असं पुढे लावतो.

जिल्ह्याचंही तसंच. १९४९ नंतर काही वर्षं उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते, दक्षिण साताऱ्याचं १९६० मध्ये सांगली झालं. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून. आजोबांच्या दाखल्यावर रत्नागिरी आणि वडिलांच्या दाखल्यावर सिंधुदुर्ग दिसलं म्हणून घराणं हललं असं समजू नका, जिल्हा हललाय. शीटमध्ये आजचा तालुका-जिल्हा लिहा, कागदावरचा जुना जिल्हा नोंदीत.

जन्मसाल कोणालाच माहीत नाही. अंदाजे टाकू का?

टाका, पण अंदाज आहे हे दिसलं पाहिजे. त्यासाठी जन्मसालाच्या शेजारी "कशावरून" हा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवलात तर मी ओळ परत पाठवणार.

जुन्या माणसांना साल सांगता येत नाही पण प्रसंग बरोबर सांगता येतो. "तू कधी जन्मलीस" विचारलं तर "काय म्हाईत" असं उत्तर येतं. पण "भूकंप झाला तेव्हा तुमच्या कडेवर कोण होतं" विचारलं की लगेच नाव येतं. साताऱ्या-कराडकडे भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. पुण्याकडे पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मुंबईत राहिलेल्यांना गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४. लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. त्याआधीच्या पिढीला मानमोडी, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, आणि त्याच्याही आधी प्लेग. प्लेगला मात्र जपून, मुंबईत तो १८९६ ला आला आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव परत परत येत राहिला, त्यामुळे "प्लेगच्या साली" म्हटल्यावर कुठल्या प्लेगच्या ते विचारावं लागतं. दुष्काळाचंही तेच.

आणि वय विचारताना आकडा विचारू नका, स्थिती विचारा. चालत होता का, शाळेत जात होता का, लग्न झालं होतं का. "रांगत होता" यातून वर्षभराचा फरक पडेल, "लहान होता" यातून दहा वर्षांचा.

आजीचं साल वेगवेगळ्या कागदांवर वेगळं आहे. कोणतं धरायचं?

हे आमच्या आजीचंच उदाहरण (वडिलांची आई), पूर्ण सांगतो.

आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक, तिन्हीवर १९२६. चुलतभाऊ म्हणाला तीन पुरावे आहेत, विषय संपला. पण रेशनकार्डावरचं साल कोणीतरी अंदाजाने सांगितलेलं, बँकेने ते रेशनकार्डावरून घेतलं आणि आधारच्या वेळी पासबुक दाखवलं. म्हणजे तीन पुरावे नाहीत, एकाच अंदाजाच्या तीन झेरॉक्स आहेत.

मग आजीच्या माहेरी एका ट्रंकेत पोथ्यांबरोबर एक टिपण सापडलं, जन्म झाल्यावर गुरुजींनी लिहून दिलेलं. त्यावर "शके १८५० विभवनाम संवत्सरे माघ शुद्ध" एवढं वाचता येत होतं, तिथीच्या जागी वाळवी. भावाने ७८ मिळवून १९२८ काढलं. इथे गंमत आहे. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतच्या जन्माला ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या जन्माला ७९. माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीकडे. म्हणजे आजीचा जन्म १९२९ चा, फेब्रुवारीतला.

पडताळा दोन बाजूंनी केला. एक म्हणजे संवत्सराचं नाव. साठ नावांचं चक्र असतं, प्रभव पहिला, विभव दुसरा. शके १८५० ला विभवच येतो, त्याच्या आधीचा विभव साठ वर्षं मागे शके १७९० ला आणि नंतरचा शके १९१० ला. त्यामुळे आकडा पुसट असला तरी नाव वाचता आलं की काम होतं, एकाच माणसाच्या बाबतीत साठ वर्षांची चूक कोणी करणार नाही. दुसरा पडताळा असा की आजीचा थोरला भाऊ मानमोडीच्या साली जन्मला असं माहेरचे सगळे सांगतात, आणि तो आजीपेक्षा "दहा-अकरा वर्षांनी थोरला" होता असं आजी स्वतः सांगायची. १९१८ आणि ११, बसलं.

तर शीटमध्ये जन्मसाल १९२९, कशावरून "माहेरचं टिपण", आणि नोंदीत "आधारवर १९२६, अंदाज". आधारवरचं साल पुसून टाकू नका, उद्या कोणीतरी आधार बघून तुमचं १९२९ "दुरुस्त" करणारच आहे, त्याला आधीच उत्तर मिळालेलं बरं.

आमच्याकडे बायकोच्या माहेरच्या कागदावर १३३० असं साल आहे. हे कुठलं?

माहेर मराठवाड्यातलं असेल तर फसली. निजामाच्या राज्यात तेच चालायचं. तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९० मिळवा आणि पुढच्या महिन्यांना ५९१. १३३० फसली म्हणजे १९२०-२१. महिना दिलेला नसेल तर "१९२०/२१" असंच लिहा, एक निवडू नका.

घरातल्या पाच जणांचा वाढदिवस १ जूनला कसा काय?

मास्तरांमुळे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसेल तर १ जून टाकायची सर्रास पद्धत होती. तारीख तर सोडाच, सालही मुलगा पहिलीत बसावा या हिशोबाने बसवलेलं असू शकतं. त्यामुळे दाखल्यावर १ जून दिसलं की "कशावरून" मध्ये "शाळा, १ जून" असं लिहा. वाचणारा काय ते समजतो. खरोखरच १ जूनला जन्मलेली एक वहिनी आहे आमच्यात, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही बिचारीच्या.

जन्माची सरकारी नोंद मिळते का जुनी?

मिळते कधी कधी. गावात जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जायची, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागायची. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी हीच बुकं पालथी घातली, त्यामुळे ऑफिसात हा शब्द आता सगळ्यांना समजतो.

पण आधीच सांगतो, त्यात बाळाचं नाव सापडेल अशी आशा ठेवू नका. नोंद जन्म झाल्यावर लगेच व्हायची आणि बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे बहुतेक ठिकाणी बापाचं नाव आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच असतं. बापाला आठ मुलं असली तर यातला कोण ते तुम्हीच ओळखायचं. म्हणून भावंडांचा क्रम आधी पक्का करून जायचं. लिपी बहुतेक मोडी, ती वाचणारा सोबत हवा. आणि मधली काही वर्षांची बुकं गायब असणं हेही नेहमीचंच.

याच्यापेक्षा मला वारस नोंदीने जास्त दिलं. माणूस गेला की जमिनीवर वारस लागतात, त्याचा फेरफार होतो, आणि जुन्या फेरफारात मुलांची नावं, बायकोचं नाव आणि बऱ्याचदा वयंही असतात. अज्ञान मुलं असली तर "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता कोण तेही येतं. लग्न झालेल्या मुली मात्र जुन्या फेरफारात बहुतेक दिसतच नाहीत. नाही दिसल्या म्हणजे नव्हत्या असं नाही.

त्र्यंबकला उपाध्यांकडे वंशावळ मिळते म्हणतात, खरंय का?

खरंय. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया अशा ठिकाणच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. तुमचा पूर्वज तिथे गेला असेल तर त्याने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव सांगून ठेवलेलं असतं. वह्या आडनाव आणि गावावरून लावलेल्या असतात, म्हणून जाताना *जुनं* गाव माहीत पाहिजे. आम्ही आधी तालुक्याचं नाव सांगत होतो, काही निघेना, वाडीचं नाव सांगितल्यावर पाच मिनिटांत वही समोर आली. त्यात जन्मसालं नव्हती, पण भेट दिल्याचं साल होतं आणि त्या वेळी हयात असलेल्या मुलांची नावं होती, म्हणजे ही मुलं त्या सालाआधी जन्मली एवढं पक्कं झालं. दक्षिणा द्या आणि निघताना आत्ताच्या पिढीची नावं घालून या.

पणजीची ओळख पटत नाही / तू आमची पणजी बदललीस असं काकू म्हणतायत.

बदलली नाही, एकीच्या दोन झाल्या. कसं कळलं ते सांगतो, कारण तुमच्याकडेही हे होऊ शकतं.

शीटमध्ये एक तपासणीचा रकाना आहे, मूल झालं तेव्हा आईचं वय किती. ए मध्ये क्रमांक, सी मध्ये जन्मसाल आणि ई मध्ये आईचा क्रमांक असेल तर पाचव्या ओळीसाठी असं:

```
=C5-VLOOKUP(E5,$A$2:$C$200,3,FALSE)
```

उत्तर साधारण १४ ते ४५ मध्ये आलं तर पुढे चला, त्याच्या बाहेर आलं तर थांबा. आमच्या आजोबांची थोरली बहीण १९११ ची, तिच्या समोर उत्तर आलं ९. मला वाटलं टायपिंगची चूक. पणजीचं साल आम्ही भूकंपावरून काढलं होतं, "भूकंपात पासष्टीची होती", म्हणजे १९०२. थोरल्या आत्याआजीचं १९११ फेरफारातल्या वयावरून. दोन्ही बऱ्यापैकी पक्की.

तेव्हा आठवलं की आमच्याकडे पणजीच्या नावाने पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालतात. ओटी भरतात, हिरव्या बांगड्या देतात, लहानपणापासून बघतोय. ही नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. आणि वडिलांना आठवणारी पणजी तर विधवा होती, पांढऱ्या कपाळाची, पणजोबांच्या मागे वीस-एक वर्षं जगलेली. एकच बाई दोन्ही कशी असेल?

मग धाकट्या चुलत आजोबांना विचारलं, ते सगळ्यात शेवटचे, १९४२ चे. ते शांतपणे म्हणाले, "पहिली मानमोडीत गेली. आमची आई दुसरी." ऐंशी वर्षं हे कोणी बोललं नव्हतं कारण दुसरीने पहिलीच्या मुलांना इतकं आपलं मानलं की सावत्र हा शब्दच घरात काढायचा नाही असं ठरलेलं. पहिलीचं नावही त्यांना माहीत नाही. तर आता शीट थोडक्यात अशी दिसते:

| क्र. | नातं (पणजोबांना धरून) | जन्मसाल | कशावरून | मूळ गाव / माहेर | आई क्र. | नोंद |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | स्वतः | सु. १८८५ | फेरफारातलं वय | जावळी (जुनं) | – | दोन लग्नं |
| २ | पहिली पत्नी | माहीत नाही | – | माहेर माहीत नाही | – | १९१८ मानमोडीत मृत्यू, अविधवा नवमी |
| ३ | दुसरी पत्नी | सु. १९०२ | १९६७ च्या भूकंपात पासष्टीची | माहेर पाटण | – | लग्न १९१८ नंतर |
| ४ | थोरली मुलगी | १९११ | फेरफारातलं वय | जावळी (जुनं) | २ | जन्मगाव माहीत नाही |
| ५ | तिसरा मुलगा (आजोबा) | १९२२ | गिरणीचं कार्ड | जावळी (जुनं) | ३ | जन्म आजोळी, पाटण |
| ६ | धाकटा मुलगा | १९४२ | शाळा, १ जून | जावळी (जुनं) | ३ | ही माहिती यांनी दिली |

दुसऱ्या ओळीत "माहीत नाही" दोनदा आहे ते तसंच राहू द्या. काकूंनी तिथे दुसरीचं माहेर भरून ठेवलं होतं, ते मी काढलं. एवढंच झालंय.

बायकांची नावं कोणती लिहायची, माहेरची का सासरची?

दोन्ही, आणि माहेरचं आधी. लग्नात नाव बदललं की कागदावर ती दोन वेगळी माणसं होतात, माहेरच्या टिपणावर एक नाव आणि सासरच्या सातबाऱ्यावर दुसरं. माहेरचं आडनावही हवं. निदान तिच्या भावाचं नाव तरी मिळवा, मामाचं नाव लोकांच्या लक्षात राहतं.

श्राद्धाच्या वेळी गुरुजी आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावं विचारतात. कोणाकडे ती यादी वहीत लिहिलेली असेल तर फोटो काढून पाठवा. फक्त तिथे सासरचीच नावं असतात हे लक्षात ठेवा.

एकाच नावाचे तीन आजोबा आहेत, कुठला कुठला?

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव येत राहतं. क्रमांक बघा, नाव नको. आणि मूल लहानपणी गेलं की पुढच्याला तेच नाव दिलं असंही आमच्यात एकदा झालंय, मग दोघांची सालं एका ओळीत मिसळली होती. सलग मुलं गेली की पुढच्याला धोंडू, दगडू असं नाव ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. असं नाव दिसलं तर त्याच्या आधीची भावंडं गेलेली असू शकतात, विचारून बघा, पण जरा जपून विचारा.

दत्तक गेलेल्या काकांना कुठे टाकायचं?

एकच ओळ, जन्मदात्या आईवडिलांचे क्रमांक, आणि नोंदीत "अमुक क्रमांकाकडे दत्तक, साल अमुक". बापाचं नाव आणि कधी कधी आडनावही बदलतं, त्यामुळे दत्तक गेल्यानंतरच्या कागदांवर तो माणूस आपल्या घरचा वाटतच नाही. दत्तकपत्र असेल तर त्याचा फोटो ठेवा.

एक्सेलमध्ये सालांची क्रमवारी विचित्र लागते.

दोन कारणं. कोणीतरी १९२९ देवनागरीत टाइप केलंय आणि कोणीतरी इंग्रजी आकड्यात, आमच्या शीटमध्ये देवनागरीवाले आकडे न समजता मजकूर समजले जात होते आणि वरचं सूत्रही तिथे चुकत होतं. म्हणून शीटमध्ये साल इंग्रजी आकड्यातच टाका, छापताना देवनागरी करू. "सु." साल लिहायच्या रकान्यात नको, "कशावरून" मध्ये लिहा. वरच्या तक्त्यात मी वाचायला सोपं जावं म्हणून एकत्र केलंय.

दुसरं, पूर्ण तारीख टाकू नका. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटत नाही. साल वेगळं, दिवस-महिना किंवा तिथी वेगळ्या रकान्यात.

नोंदीत काहीही लिहिलं तर चालतं का?

कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते लिहिलं तर चालतं. "फार तापट होते" हे नको. "१९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, गावी परतले" हे हवं, कारण त्यावरून गाव आणि साल दोन्ही लागतं. आजारपण, मोडलेलं लग्न, कोर्टाचे वाद हे शीटमध्ये लिहू नका. मी वेगळी वही ठेवलीय त्यासाठी.

शीट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू का?

हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव असलेली शीट टाकू नका, बँकवाले फोनवर हेच विचारतात. हयात लोकांचं फक्त साल असलेली प्रत मी दर दिवाळीला पाठवतो, ती टाका.

पहिल्या पणजीचं नाव मिळालं का मग?

अजून नाही. तिच्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे क्रमांक ४ च्या, सासरी कोणाकडे तिचं टिपण किंवा लग्नाची याद असेल तर त्यात आजोळ आलेलं असणार. तिचं सासर वाईकडे होतं. वाईकडच्या कोणाच्या माळ्यावर जुनी ट्रंक असेल तर मला फोन करा, रविवारी येतो.